पाणंद संपली, तरी दांडा फोर-हायमध्येच

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचविणाऱ्या वाहनांना बोलीभाषेत सरसकट ‘फोर बाय फोर’ म्हटले जात असले, तरी त्या एका शब्दाखाली परस्परांहून अगदी वेगळ्या अशा रचना येतात, आणि एका रचनेसाठी योग्य असलेली सवय दुसरीसाठी घातक ठरते. कागल तालुक्यातील बिद्री आणि परिसरात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे एकाच फेरीत वाहनाला दोन टोकाच्या जमिनी भेटतात. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा उसाच्या फडाकडे जाणाऱ्या पाणंदी बहुधा परतीच्या पावसाने भिजलेल्या असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी त्यांत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, आणि पाणंद जेथे संपते तेथे लगेच कोल्हापूर-गारगोटी मार्गाचे कोरडे डांबर लागते. पुढील विवेचनाला आधार असलेला अनुभव याच सांध्यावरचा असून चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडली होती.

जीपच्या परंपरेतील वाहनात गियरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. गियरबॉक्समधून आलेली गती पुढील आणि मागील अशा दोन प्रोपेलर शाफ्टमध्ये वाटणे हे तिचे काम होय. मारुतीची जुनी जिप्सी, २०२३ मध्ये आलेली जिम्नी आणि महिंद्राच्या थारचे चार चाकांना ताकद देणारे प्रकार यांत ही पेटी ‘पार्ट-टाइम’ पद्धतीची असते. दांडा टू-हायमध्ये असताना फक्त मागील चाके ओढतात; तो फोर-हायमध्ये टाकला की दातेरी बाही सरकून पुढील शाफ्ट मागील शाफ्टला घट्ट जोडला जातो. हा जोड लवचीक नसतो, त्यात घसरण्याची मुभा नसते, आणि पुढील शाफ्ट जितके फेरे घेईल तितकेच मागील शाफ्टने घ्यावेत अशी सक्तीच त्यातून निर्माण होते.

वळणावर मात्र पुढील आणि मागील चाकांची वाट सारखी नसते, कारण पुढील चाके मोठ्या वर्तुळावरून आणि मागील चाके लहान वर्तुळावरून जातात. थारच्या दोन धुरांमधील अंतर २.४५ मीटर आहे. मागील धुरेचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालला, तर पुढील धुरेचा मध्य सुमारे ५.५७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. म्हणजे अर्धे वर्तुळ काढून गाडी उलट दिशेला वळविली की मागील धुरा सुमारे १५.७ मीटर आणि पुढील धुरा सुमारे १७.५ मीटर चाललेली असते. टायरचा घेर २.४ मीटरच्या आसपास आणि धुरेतील गियरचे गुणोत्तर हिशेबासाठी ४ ला १ धरले, तर त्या एकाच वळणात पुढील शाफ्टला मागील शाफ्टपेक्षा जवळपास तीन फेरे जास्त हवे असतात, आणि ट्रान्स्फर केस तर त्याला एकही फेरा जास्त द्यायला तयार नसते.

चिखलात हा तंटा टायर आपसांत मिटवितात, कारण तेथे ते सहज घसरतात आणि फरक चिखलातच जिरतो. कोरड्या डांबरावर टायर घट्ट धरून राहतात, म्हणून शाफ्ट, सांधे आणि दाते यांत पीळ भरत जातो. तो सहनशक्तीपलीकडे गेला की एखादा टायर झटक्याने घसरतो, थोडा पीळ सुटतो आणि पुन्हा भरू लागतो. यांत्रिकी भाषेत यालाच विंड-अप म्हणतात. शाफ्टना खरोखर तीन फेऱ्यांचा पीळ कधीच बसत नाही, कारण त्याआधी टायर रबर झिजवून हार मानतात.

अनुभवाचा तपशील असा. पाणंदीतला चिखल फोर-हायमध्ये सहज पार पडल्याच्या समाधानात दांडा तसाच राहिला आणि गाडी डांबरावरून मुदाळ तिट्ट्याकडे निघाली. सरळ रस्त्यावर काही विशेष जाणवले नाही, आणि याच गोष्टीने दिशाभूल केली. तिट्ट्यावर गाडी वळविताना स्टीअरिंग जड झाले, अॅक्सिलरेटर सोडताच कोणी ब्रेक दाबून धरल्याप्रमाणे गाडी थबकू लागली, आणि खालून एक-दोन ठोके ऐकू आले. ही तिन्ही लक्षणे विंड-अपची आहेत, हे तेव्हा लक्षात आले असते तर पुढील खर्च टळला असता. टू-हायमध्ये आणण्यासाठी दांडा ओढला असता तो हलेना. याचे कारण असे की बाहीचे दाते पिळाच्या जोराने एकमेकांवर दाबले गेलेले असतात. ताणलेल्या कासऱ्याची गाठ बैल मागे सरकल्याशिवाय सुटत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्यावर दांड्याला पायाने लाथ देण्याचा जो उपाय योजला गेला, त्यात दांडा सुटला खरा, परंतु बाही सरकविणारा आतील काटा वाकला, आणि ट्रान्स्फर केस उतरवून उघडावी लागली.

गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की तो ऐकताना ओशाळे वाटावे. गाडी ज्या वळणाने पुढे आली, स्टीअरिंग तसेच ठेवून त्याच वळणाने काही मीटर मागे घ्यावी, म्हणजे भरलेला पीळ आला तसा उलगडतो, आणि मग चाके सरळ करून, अॅक्सिलरेटर सोडून, दांड्यावर हलका हात ठेवला की तो आपोआप निसटतो. मागे जाण्यास जागा नसेल तर एका बाजूची चाके साइडपट्टीच्या मातीत उतरवून थोडे अंतर चालवावे, कारण मातीत टायर घसरून पीळ मोकळा होतो. जॅक लावून चाक उचलण्याचा मार्गही काही जण सांगतात, पण पीळ भरलेले चाक जमीन सोडताच जोराने फिरते आणि गाडी जॅकवरून सरकू शकते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला तो टाळलेलाच बरा.

सरळ रस्त्यावर पीळ भरत नाही हा समजही अर्धवट आहे. पुढील टायर नवे आणि मागील झिजलेले असतील, आणि त्यामुळे त्रिज्येत केवळ २ मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक फेऱ्यात घेरात सुमारे साडेबारा मिलिमीटरची तफावत पडते. एका किलोमीटरमध्ये चाक चारशेहून थोडे अधिक फेरे घेते, म्हणजे ढोबळ हिशेबाने दर किलोमीटरला पाच मीटरचा तंटा साठतो. पार्ट-टाइम वाहनाचे चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे असावेत, हा नियम याच हिशेबातून आलेला आहे.

या सक्तीवरचा मूलभूत उपाय म्हणजे सेंटर डिफरन्शियल होय. डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गियरांची जी जुळणी प्रत्येक धुरेत असते, तीच जुळणी ट्रान्स्फर केसमध्ये पुढील व मागील शाफ्टच्या दरम्यान बसविली की दोघांना आपापले फेरे घेता येतात आणि गाडी डांबरावरही कायम चारही चाकांवर चालू शकते. १९७० मधील पहिल्या रेंज रोव्हरने हीच रचना स्वीकारली होती. तिची उणीव मात्र तिच्या गुणातच दडलेली आहे, कारण साधे डिफरन्शियल ताकद सर्वांत कमी विरोधाच्या वाटेने जाऊ देते, आणि एकच चाक चिखलात मोकळे फिरू लागले तर उरलेली तीन चाके स्वस्थ बसतात. म्हणून अशा वाहनात डिफरन्शियल बंद करणारे लॉक दिलेले असते. लॉक लावल्यानंतर ते वाहन वागणुकीने पार्ट-टाइमच्या फोर-हायसारखेच होते, आणि वर वर्णिलेल्या सर्व मर्यादा त्यालाही लागू होतात.

ट्रान्स्फर केसचे दुसरे दान म्हणजे लो रेंज. तिच्यात गतीची आणखी एक पायरी कमी केली जाते. थारमध्ये हे गुणोत्तर सुमारे अडीच, तर जिम्नीत सुमारे दोन आहे. पहिल्या गियरमध्ये इंजिन मंद गतीवर असताना एखादी गाडी ताशी ७ किलोमीटर चालत असेल, तर अडीचच्या लो रेंजमध्ये ती ताशी ३ किलोमीटरच्या आत येते आणि चाकांवरील फिरविणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. बांध ओलांडताना किंवा भरलेली छोटी ट्रॉली चाकोरीतून ओढताना क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागत नाही, हा याचा खरा लाभ आहे, कारण क्लच जळतो तो अशाच अर्धवट दाबण्याने. लो रेंज टाकताना गाडी थांबवावी किंवा अगदी रांगत ठेवावी, क्लच पूर्ण दाबावा आणि गियर न्यूट्रलमध्ये असावा. दाते करकरले तर जोर न लावता गाडी हातभर पुढे सरकवून पुन्हा प्रयत्न करावा.

आता दुसरी जात. ऑन-डिमांड ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे गरजेपुरते मागील चाकांना जोडणारी रचना असून ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप प्रकारात किंवा पूर्वीच्या डस्टरच्या एडब्ल्यूडी प्रकारात ती आढळते. हिच्यात इंजिन आडवे बसविलेले असते, पुढील चाके नेहमी ओढतात, आणि मागील डिफरन्शियलच्या आधी अनेक चकत्यांचा क्लच असतो. पुढील चाके घसरू लागल्याचे किंवा घसरण्याच्या बेतात असल्याचे संगणकाला दिसले की विद्युतचुंबकाच्या साहाय्याने त्या चकत्या आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. चकत्या थोड्या घसरू शकतात, म्हणून डांबरावरील वळणात येथे पीळ भरत नाही, आणि चालकाला कोणताही दांडा लक्षात ठेवावा लागत नाही. विस्मरणशील चालकासाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

घसरण्याची तीच मुभा चिखलात अंगाशी येते. त्याच पाणंदीत दुसऱ्या एका प्रसंगी अशा रचनेची एक गाडी शिरली असता चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला तिचे पोट टेकले आणि चाके फिरत राहिली. लो रेंज नसल्याने चालकाला हलका जोर सलग लावता येईना; काही मिनिटांतच चकत्या तापल्याची सूचना पडद्यावर आली, संगणकाने स्वसंरक्षणासाठी मागील धुरा तोडली, आणि गाडी केवळ पुढील चाकांची होऊन बसली. लॉक नावाचे जे बटण अशा काही गाड्यांत असते, तेही चकत्यांना अधिक घट्ट आवळण्याचा आदेशच देते. दातेरी बाहीचा पोलादी जोड त्यातून मिळत नाही. ही सूचना दिसल्यास अॅक्सिलरेटर ताबडतोब सोडावा, इंजिन बंद न करता गाडी स्थिर ठेवून चकत्या निवू द्याव्यात, आणि त्या वेळात टायरपुढील चिखल फावड्याने काढून उसाचे वाळलेले पाचट अंथरावे. त्या प्रसंगी मात्र अखेर ट्रॅक्टरच बोलवावा लागला.

बिद्रीकडील ज्या कुटुंबाचा वर्षभराचा प्रवास कोल्हापूर आणि पावसाळ्यातील राधानगरी-दाजीपूरच्या ओल्या वळणांपुरता आहे, त्याला ऑन-डिमांड रचना पार्ट-टाइमपेक्षा अधिक उपयोगाची आहे, कारण ओल्या पण टणक डांबरावर फोर-हाय जोडावे की नाही या प्रश्नाचे उत्तर दर वळणाला बदलते. ज्याला तोडणीच्या दिवसांत रोज फडावर जावे लागते, त्याने दोन्हींत तुलना करण्यापूर्वी आपल्या पाणंदीतील चाकोरीची खोली काठीने मोजावी आणि ती गाडीच्या पोटाखालील मोकळ्या जागेशी ताडून पाहावी. चाकोरी जास्त खोल भरली, तर कोणतीही ट्रान्स्फर केस त्या गाडीला तारणार नाही.