लॉट नसलेल्या मालाची तपासणी : सफाईचा टप्पा आणि नमुन्याचा टप्पा

कापडाच्या धंद्यात माल पारखण्याची आमची रीत गाठीची आणि ताग्याची आहे. गाठ आली की त्यातले चार तागे उलगडायचे, ते चांगले निघाले तर गाठ उतरवून घ्यायची, नाहीतर परत पाठवायची. गाठ हा एक ठरलेला ढीग असतो. इंग्रजीत त्याला लॉट म्हणतात, आणि बाजारातही तोच शब्द चालतो. पण शिलाईच्या लाइनवर असा ढीग आपोआप तयार होत नाही. सकाळी मशिनी सुरू झाल्या की एकामागून एक नग पडत राहतो आणि संध्याकाळी टेंपो भरून निघून जातो. मग नमुना कशातून काढायचा आणि नापास काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो.

काही कारखानदार दर दोनशे नगांचा एक लॉट मानतात. पण त्यासाठी दोनशे नग पूर्ण होईपर्यंत माल अडवून ठेवावा लागतो. नाहूर-भांडुपच्या औद्योगिक गाळ्यांत भाडे चौरस फुटाने मोजले जाते. तिथे मशिनीच कशाबशा मावतात, अडवलेला माल ठेवणार कुठे? शिवाय दोनशेची रेघ आपणच मारलेली असते. सुई बिघडते ती ही रेघ पाहून बिघडत नाही.

या अडचणीवरचा उपाय अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड डॉज यांनी १९४३ साली मांडला. त्याला सतत नमुना तपासणीची योजना म्हणतात, आणि तिच्या पहिल्या व सर्वात सोप्या प्रकाराचे नाव सी.एस.पी.-१ असे आहे. यात दोनच आकडे ठरवावे लागतात आणि ती चालवायला पेन्सिल व वही पुरते.

योजना अशी चालते

पहिला टप्पा सफाईचा. यात लाइनवरून उतरणारा प्रत्येक नग, ज्या क्रमाने शिवला त्याच क्रमाने तपासायचा आणि चांगले नग मोजत जायचे. मध्ये एक जरी ऐबदार नग निघाला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायची. ओळीने ठरलेले नग, समजा ५०, निर्दोष निघाले की लाइन साफ झाली असे मानायचे.

मग दुसरा टप्पा, नमुन्याचा. आता दर १० नगांतून एकच नग तपासायचा आणि बाकीचे नऊ तसेच पुढे जाऊ द्यायचे. नमुन्यात जोवर दोष निघत नाही तोवर हेच चालू राहील. एक दोष सापडला की त्या क्षणी पुन्हा सफाईच्या टप्प्यात यायचे आणि ओळीने ५० चांगले मिळेपर्यंत प्रत्येक नग पाहायचा. सापडलेले खराब नग दुरुस्त करून किंवा बदलून मालात घालायचे.

एका दिवसाचा हिशेब

समजा नाहूरच्या एका गाळ्यात सुती कुर्त्यांची लाइन आहे आणि दिवसाला ६०० नग उतरतात. सकाळी सफाईपासून सुरुवात झाली. १७ व्या कुर्त्याची बाजूची शिवण उसवलेली निघाली, म्हणून मोजणी शून्यावर आली. त्यानंतर १८ ते ६७ असे ओळीने ५० कुर्ते चांगले मिळाले. ६८ व्या नगापासून नमुन्याचा टप्पा सुरू झाला.

आता दहा-दहांच्या गटातून एक नग पाहिला जातो. चौदा गट साफ गेले. पंधरावा गट २०८ ते २१७ चा. त्यातला २११ वा कुर्ता पाहिला तर मुंढ्याच्या शिवणीत टाके सुटलेले. लगेच नमुना बंद, आणि २१२ पासून प्रत्येक कुर्ता तपासणीत. २२३ व्यातही तोच ऐब, त्याच मशिनीचा. मास्टरने मशीन थांबवून पाहिले, सुई वाकलेली होती. सुई बदलली. त्यानंतर २२४ ते २७३ ओळीने चांगले निघाले आणि २७४ पासून पुन्हा नमुना सुरू झाला, तो संध्याकाळपर्यंत दोषाविना चालला.

बेरीज करू. सकाळच्या सफाईत ६७, पहिल्या नमुन्यात १५, दुसऱ्या सफाईत ६२ आणि शेवटच्या नमुन्यात ३३, असे ६०० पैकी १७७ कुर्ते तपासले गेले. मेहनत नेमकी तिथेच जास्त झाली जिथे सुई वाकली होती.

इथे एक खबरदारी घ्यावी. चौदाव्या गटातील २०५ वा नग पाहिला तेव्हा तो ठीक होता, २११ वा बिघडलेला. मधले पाच नग कोणी पाहिलेले नाहीत. मूळ नियम त्यांना मागे बोलावत नाही, पण ते अजून टेबलावरच असतील तर पाहून घ्यावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

नऊ खराब नगांचे कोडे

या योजनेतून किती खराब माल बाहेर जातो? हे समजायला मोठ्या सूत्राची गरज नाही. नमुन्याच्या टप्प्यात आपण दहातला एक नग पाहतो. म्हणजे सरासरीने दहा खराब नग बनले की त्यातला एक हाती लागतो आणि नऊ निसटतात. लाइन चांगली असो वा वाईट, एका फेरीत, म्हणजे एक सफाई आणि तिच्या पाठचा एक नमुना मिळून, निसटणारे सरासरी नऊच. फरक पडतो तो फेरीच्या लांबीत.

लाइनवर शंभरात १ नग खराब बनत असेल तर सफाई सरासरी ६५ नगांत संपते आणि नमुना १००० नग चालतो. १०६५ नगांत ९ खराब, म्हणजे शेकडा एकाहून थोडे कमी. शंभरात ४ खराब बनत असतील तर सफाईला १६७ नग लागतात आणि नमुना २५० नगांतच तुटतो. ४१७ नगांत ९ म्हणजे शेकडा २.१६. आता लाइन फारच बिघडली आणि शंभरात १० खराब बनू लागले असे धरा. ओळीने ५० चांगले मिळणे इतके कठीण होते की सफाईलाच सरासरी १९३० नग लागतात आणि नमुना जेमतेम १०० नग टिकतो. २०३० नगांत ९, म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी.

वाचकांना हे उलटे वाटेल, पण यातच योजनेचे मर्म आहे. माल बिघडला की तपासणी आपोआप वाढते. म्हणून बाहेर जाणारा दोष शेकडा ४ च्या आसपास सर्वात जास्त होतो आणि पुढे उतरतो. शेकडा २.१६ ही या ५० आणि दहात एक या जोडीची छप्परमर्यादा झाली. लाइनवर दोषाचे प्रमाण कितीही असो, ते स्थिर राहिले तर लांब मुदतीत सरासरी याच्या वर जात नाही. व्यापाऱ्याला वचन द्यायचे तर या आकड्याचे द्यावे. मात्र ही सरासरी आहे. एखाद्या दिवसाच्या मालात याहून जास्त खराब नग जाऊ शकतात.

दुसरी जोडीही घेता येते. पाचात एक नग पाहिला तर सफाईची ओळ ५० ऐवजी साधारण ३३ ठेवली तरी छप्पर जवळपास तेच राहते. अशा वेळी फेरीत नऊऐवजी चारच खराब नग निसटतात आणि सुई मोडल्याची बातमी लवकर कळते. ज्याची लाइन अचानक बिघडते त्याला ही जोडी बरी. ज्याची लाइन दिवसेंदिवस सारखी चालते त्याचे दहात एकवर भागते.

कुठे चुकते

पहिली चूक म्हणजे नेमका दर दहावा नग उचलणे. समजा दहा मशिनींवरून नग पाळीपाळीने उतरतात. मग दहावा नग नेहमी एकाच मशिनीचा येईल आणि बाकी नऊ मशिनींकडे कोणी पाहणारच नाही. शिवाय कारागिरालाही कळते की कोणता नग पाहिला जाणार. म्हणून डब्यात १ ते १० च्या चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक गटाला एक चिठ्ठी काढावी. गट सुरू होण्यापूर्वी ती चेकरखेरीज कोणाला दिसू नये.

दुसरी चूक बंडल मिसळण्याची. नग शिवल्याच्या क्रमाने टेबलावर आले नाहीत तर ओळीने ५० या मोजणीला काही अर्थ राहत नाही, आणि दोष कोणत्या वेळेचा तेही कळत नाही. बंडलाला क्रमांक लावूनच सोडावे.

तिसरी अडचण चेकरच्या हातांची. ६०० नग आठ तासांत म्हणजे तासाला ७५. एक कुर्ता नीट पाहायला दोन मिनिटे धरली तर एक माणूस तासाला ३० च पाहू शकतो. नमुन्याच्या टप्प्यात तो निवांत असतो, पण सफाई सुरू होताच त्याच्यापुढे ढीग साचतो. टेंपो उभा असतो आणि ४५ वर ५० ची टिक्की मारण्याचा मोह होतो. हे ओळखायचे असेल तर वही पाहा. सफाईत मोजणी पुन्हा शून्यावर आल्याच्या नोंदी महिनोन्‌महिने नसतील, प्रत्येक सफाई बरोबर ५० नगांत संपलेली दिसेल, तर तपासणी कागदावरच चालली आहे. शेकडा २ दोष असताना सफाईला सरासरी ८७ नग लागायलाच हवेत. उपाय एवढाच की सफाई सुरू झाली की आणखी दोन जाणकार हात टेबलावर यावेत. ही माणसे आधीच नेमून ठेवावीत.

चौथी गोष्ट, सफाईलाही हद्द असावी. २०० नग पाहूनही ओळीने ५० मिळाले नाहीत तर तपासत बसू नये, लाइन थांबवावी. त्या वेळी दोष चेकरच्या टेबलावर नसून मशीन, धागा किंवा हात यांच्यात असतो. तपासणी खराब नग वेगळा काढते, खराब नग बनणे थांबवत नाही.

ही योजना कुठे वापरू नये

ज्या दोषामुळे इजा होऊ शकते तिथे नमुना चालणार नाही. लहान मुलांच्या कपड्यात सुईचे मोडके टोक राहिले आहे का, हे प्रत्येक नगातच पाहावे लागते. तसेच रंगाच्या छटेतील फरक ताग्याबरोबर येतो, शिलाईबरोबर नाही. तो कटिंगच्या टेबलावर, कापडाच्या लॉटमध्येच पकडावा.

एका दोषावर लगेच सफाईत परतणे ज्यांना जाचक वाटते त्यांच्यासाठी डॉज आणि टॉरी यांनी १९५१ साली सी.एस.पी.-२ मांडली. त्यात पहिल्या दोषानंतर नमुनाच चालू राहतो आणि पुढच्या ठरलेल्या नमुन्यांत दुसरा दोष आला तरच सफाईत परततात. तिचे छप्पर थोडे वर जाते, म्हणून ओळ लांब धरावी लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी पहिलीच योजना चालवावी. वहीत पाच रकाने पुरे आहेत : नगाचा क्रमांक, टप्पा, ओळीतील मोजणी, दोषाचे नाव आणि मशिनीचा क्रमांक. महिनाभराने शेवटचा रकाना वाचला की कोणत्या मशिनीकडे मिस्त्री पाठवायचा ते कळते.