कर्मचारीसंख्या आणि स्वच्छतागृह : किती शौचकूप, किती बेसिन?

लहान कार्यालयासाठी जागा बांधताना किंवा भाड्याने घेताना टेबले किती मावतील, दप्तर कोठे राहील, अभ्यागत कोठे बसतील, याचा विचार आराखड्यावर होतो. स्वच्छतागृहाच्या बाबतीत मात्र ‘एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी’ एवढे लिहून विषय संपविला जातो. पुढे कर्मचारीवर्ग वाढतो, त्याची रचना बदलते. परंतु भिंतीआडची ती संख्या तशीच राहते. तेव्हा ही संख्या कशी ठरवावी आणि ठरविताना चूक नेमकी कोठे होते, हे येथे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

आपल्याकडे यासाठी दोन आधार आहेत. एक म्हणजे भारतीय मानक आय. एस. ११७२ आणि दुसरा म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६. कार्यालयीन इमारतींसाठी त्यांनी दिलेले प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. पुरुषांसाठी दर २५ व्यक्तींमागे एक शौचकूप आणि स्त्रियांसाठी दर १५ व्यक्तींमागे एक शौचकूप असावा. हात धुण्याचे बेसिन दोघांसाठीही दर २५ व्यक्तींमागे एक असावे. मुतारीचे प्रमाण टप्प्यांनी वाढते. सहा पुरुषांपर्यंत वेगळी मुतारी लागत नाही; ७ ते २० पुरुषांसाठी एक, २१ ते ४५ पर्यंत दोन, ४६ ते ७० पर्यंत तीन आणि ७१ ते १०० पर्यंत चार मुताऱ्या लागतात.

या प्रमाणात ‘२५ व्यक्ती किंवा त्यांचा भाग’ असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ असा की, भागाकारात अपूर्णांक आल्यास तो सोडून न देता पुढचा पूर्णांक धरावयाचा. पंचवीस पुरुषांना एक शौचकूप पुरतो; सव्विसावा पुरुष रुजू झाला की दोन लागतात. त्याचप्रमाणे पंधरा स्त्रियांपर्यंत एक आणि सोळाव्या स्त्रीपासून दोन.

स्त्रियांसाठी पंचवीसऐवजी पंधरा हा आकडा का, असा प्रश्न काहींना पडतो. ही सवलत नव्हे. पुरुषांचा बराचसा वापर मुतारीत होतो, त्यामुळे त्यांच्या शौचकुपावरील ताण कमी असतो. स्त्रियांना मात्र प्रत्येक वेळी शौचकूपच वापरावा लागतो, आणि प्रत्येक खेपेस वेळही अधिक लागतो. म्हणून पुरुषांच्या बाजूस मोजणी करताना शौचकूप व मुतारी ही दोन्ही एकत्र पाहिली, तरच दोन्ही बाजूंची खरी तुलना होते.

आता उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ठिकाणी एक कार्यालय आहे असे समजा. तेथे ३६ कर्मचारी आहेत. त्यांपैकी २२ पुरुष व १४ स्त्रिया. पुरुषांसाठी एक शौचकूप, दोन मुताऱ्या आणि एक बेसिन. स्त्रियांसाठी एक शौचकूप आणि एक बेसिन, असा हिशेब होतो. इमारत त्याप्रमाणे बांधली गेली. काही वर्षांत बदल्या व नव्या नेमणुका होऊन तेथे २० पुरुष आणि १६ स्त्रिया झाल्या. एकूण संख्या ३६ च राहिली. म्हणून आस्थापनेच्या कागदावर काहीच बदलले नाही. प्रमाणानुसार मात्र पुरुषांना आता एकच मुतारी आवश्यक आहे आणि स्त्रियांना दोन शौचकूप आवश्यक आहेत. म्हणजे एका बाजूस एक मुतारी जास्त आणि दुसऱ्या बाजूस एक शौचकूप कमी, अशी स्थिती कोणाच्याही लक्षात न येता निर्माण झाली.

यावरून पहिला नियम असा निघतो की, हिशेब एकूण संख्येवर कधीही करू नये. पुरुष व स्त्रिया यांची मोजणी स्वतंत्रपणे करावी. दुसरा नियम मोजणीच्या आधाराविषयीचा आहे. मंजूर पदांची यादी हा आधार पुरेसा नाही. कंत्राटी संगणकचालक, रखवालदार, सफाई कामगार, प्रशिक्षणार्थी ही माणसे त्या यादीत बहुधा नसतात. पण दिवसभर त्याच इमारतीत असतात. म्हणून हजेरीपट व कंत्राटी कामगारांची नोंद एकत्र ठेवून, ज्या दिवशी सर्वाधिक माणसे हजर असतात त्या दिवसाचा आकडा धरावा. रिक्त पदे लवकरच भरली जाणार असतील, तर तीही धरावीत. कामानिमित्त येणारे नागरिक या आकड्यात येत नाहीत. त्यांची सोय वेगळी मोजावी; कर्मचाऱ्यांच्या सोयीत ती मिसळली की ग्रामसभेच्या किंवा दाखले वाटपाच्या दिवशी दोघांचीही गैरसोय होते.

प्रमाणात दिलेला आकडा हा किमान आकडा होय, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या उदाहरणातील मूळच्या चौदा स्त्रियांसाठी एक शौचकूप नियमात बसतो. परंतु अर्ध्या तासाच्या मधल्या सुटीत सर्वजणी गेल्या आणि प्रत्येकीस जाण्यायेण्यासह तीन मिनिटे लागली असे धरले, तर बेचाळीस मिनिटे लागतात. सुटी संपते आणि चारजणी रांगेतच राहतात. दोन शौचकूप असतील तर हेच काम एकवीस मिनिटांत होते. शिवाय शौचकूप एकच असेल आणि तो तुंबला, तर उपलब्ध संख्या शून्य होते. म्हणून स्त्रियांची संख्या बारा-तेराच्या पुढे गेली की, नव्या बांधकामात दुसऱ्या शौचकुपाची जागा व नळजोडणी आरंभीच ठेवणे शहाणपणाचे ठरते. नंतर फरशी फोडून सांडपाण्याची वाहिनी नेणे हे अधिक खर्चाचे व त्रासाचे काम असते. जागा वाढविणे शक्यच नसेल, तर मधली सुटी दोन गटांत विभागून द्यावी.

आकडा कागदावर पुरा असूनही प्रत्यक्षात अपुरा असण्याची तीन कारणे नेहमी आढळतात. पहिले कारण कुलूप. तीन शौचकुपांपैकी एक ‘साहेबांसाठी’ म्हणून बंद असेल, तर कर्मचाऱ्यांच्या हिशेबात तो धरता येत नाही. दुसरे कारण अडगळ. जुनी दप्तरे, झाडू, मोडक्या खुर्च्या यांनी भरलेली खोली नकाशावर शौचकूप असते, वापरात नसते. तिसरे आणि सर्वांत सामान्य कारण पाणी. कार्यालयासाठी दर माणशी दररोज ४५ लिटर पाणी धरले जाते. छत्तीस कर्मचाऱ्यांना त्याप्रमाणे १६२० लिटर लागते. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल आणि ती सकाळी एकदाच भरत असेल, तर दुपारनंतर तेथील सर्व शौचकूप निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. म्हणून मोजताना ज्याला आतून लागणारी कडी आहे, दिवा आहे, वाहते पाणी आहे आणि ज्याची किल्ली मागावी लागत नाही, तोच शौचकूप मोजावा.

बेसिनच्या बाबतीत संख्येपेक्षा स्थानाची चूक अधिक होते. पंचवीस माणसांमागे एक बेसिन पुरते, कारण हात धुण्यास अर्ध्या-एक मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. परंतु जागा वाचविण्यासाठी दोन्ही बाजूंना मिळून एकच बेसिन व्हरांड्यात बसविले जाते. अशाने पुरुषांसाठी एक व स्त्रियांसाठी एक ही गरज भागत नाही, आणि स्त्रियांना सर्वांच्या देखत हात-तोंड धुवावे लागते. बेसिन प्रत्येक बाजूच्या दाराच्या आतच असावे व तेथे साबण असावा.

दुकानांचा प्रश्न थोडा निराळा आहे. चार-पाच माणसांच्या दुकानात स्वतंत्र स्वच्छतागृहास जागाच नसते. ज्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो, त्यांच्या मालकांवर त्याने स्त्री व पुरुष कर्मचाऱ्यांसाठी पुरेशी शौचालये व मुताऱ्या ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. जागेअभावी ते शक्य नसल्यास अनेक मालकांना मिळून सामाईक सोय करण्याची मुभाही त्यात आहे. अशा वेळी वर दिलेले प्रमाण मार्गदर्शक म्हणून वापरता येते. मात्र ते दुकानागणिक न लावता एकत्रित संख्येला लावावे लागते. समजा, एका ओळीतील सहा दुकानांत मिळून १६ पुरुष व १० स्त्रिया काम करतात. वेगवेगळे पाहिले तर कोणत्याही एका दुकानात सहांहून अधिक पुरुष नाहीत, म्हणून मुतारी लागत नाही असे वाटेल. एकत्र सोय केली की मात्र सोळा पुरुष होतात आणि एक मुतारी आवश्यक ठरते. तेव्हा पुरुषांसाठी एक शौचकूप, एक मुतारी व एक बेसिन आणि स्त्रियांसाठी एक शौचकूप व एक बेसिन, एवढी सोय त्या ओळीस हवी. सफाई कोणी करावयाची, पाण्याचे बिल कोणी भरावयाचे आणि सर्व दुकाने उघडी असेपर्यंत दार उघडे राहील हे कोणी पाहावयाचे, याचा लेखी करार आधीच असावा. अन्यथा पहिले दुकान बंद झाले की किल्लीही त्याच्याबरोबर घरी जाते.

परदेशी तक्ते उतरून घेण्याचाही मोह होतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक तक्ता एकूण माणसांवर आधारलेला आहे : पाचपर्यंत एक शौचकूप व एक बेसिन, ६ ते २५ पर्यंत दोन-दोन, २६ ते ५० पर्यंत तीन-तीन. तेथे आतून बंद होणारी पूर्ण स्वतंत्र खोली असेल, तर ती स्त्री व पुरुष दोघांनीही वापरण्यास मुभा आहे. त्या गृहीतावर उभा असलेला आकडा आपल्या स्वतंत्र व्यवस्थेला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे बांधकाम परवानगीसाठी स्थानिक प्राधिकरणाची नियमावली पाहावी आणि तिने अधिक संख्या सांगितली असल्यास तीच पाळावी.

सोय अपुरी असल्याची तक्रार लेखी स्वरूपात क्वचितच येते, विशेषतः स्त्रियांकडून. ती अन्य खुणांवरून ओळखावी लागते. सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत जाणे, मधल्या सुटीत शेजारच्या इमारतीत किंवा घरी जाऊन येणे, या त्या खुणा होत. त्या दिसू लागल्या की हजेरीपट काढून स्त्री-पुरुषांची संख्या वेगवेगळी लिहावी, चालू स्थितीतील शौचकूप, मुताऱ्या व बेसिने स्वतः पाहून मोजावीत, आणि सलग तीन दिवस मधल्या सुटीत रांग किती होते याची नोंद एखाद्या महिला कर्मचाऱ्याकडून घ्यावी. आपल्या उदाहरणातील कार्यालयाने एवढे केले असते, तर सोळावी स्त्री रुजू झाली त्याच महिन्यात दुसऱ्या शौचकुपाचा प्रस्ताव तयार झाला असता.