परीक्षेचे इंग्रजी आणि कामाचे इंग्रजी

परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे भाषा आली, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. तो कितपत खरा आहे, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

आपल्याकडील अनेक मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊन ब्रिटनमधील रुग्णालयांत नोकरीस जातात. त्यासाठी पुष्कळजणी आयेल्ट्स नावाची इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात परीक्षक एक कार्ड हाती देतो, विचारासाठी एक मिनिट देतो आणि मग त्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलावयास सांगतो. येथे विद्यार्थिनीचे सारे लक्ष वेळ भरून काढण्याकडे असते. ती प्रस्तावना करते, नानाविध शब्द योजते, आणि मुद्दा शेवटी आला तरी काही बिघडत नाही. कारण परीक्षकाला त्या हकिकतीशी काहीच कर्तव्य नसते. तो केवळ भाषा तपासीत असतो.

रुग्णालयात नेमके याच्या उलट घडते. रात्रीचे दोन वाजले आहेत, दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची प्रकृती बिघडली आहे आणि परिचारिकेला डॉक्टरांस टेलिफोन करावयाचा आहे, असे समजा. डॉक्टर झोपेतून उठलेले. रोगी त्यांच्या डोळ्यांपुढे नाही. परीक्षेच्या सवयीने तिने प्रस्तावनेपासून आरंभ केला, तर आपल्याला का बोलाविले हे त्यांना कळण्यापूर्वीच मोलाची मिनिटे निघून जातील.

याकरिता तेथे एक रीत शिकवितात. ती अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट आणि रेकमेंडेशन या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एस्‌बार’ म्हणतात. प्रथम आता काय घडले ते, मग पूर्वीची हकिकत, त्यानंतर आपला अंदाज, आणि शेवटी आपल्याला काय हवे ते, असा तिचा क्रम आहे. आपली परिचारिका आपले नाव, विभाग व रोग्याचे नाव सांगून पुढे म्हणेल: “रोग्याचा रक्तदाब ९०/५० वर उतरला असून नाडी मिनिटाला १२० आहे. दुपारी यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. मध्यरात्री रक्तदाब १३०/८० होता. पट्टी रक्ताने भिजली आहे. रक्तस्राव होत असावा, असे मला वाटते. आपण ताबडतोब यावे. तोवर मी काय करू?” यात अवघड शब्द जवळजवळ नाहीत, आणि बोलावयास अर्धे मिनिट पुरे होते. मात्र शेवटचे वाक्य राहिले, तर डॉक्टर “बरे, लक्ष ठेवा” म्हणून टेलिफोन खाली ठेवण्याचा संभव असतो.

दुसरा भेद ऐकण्याचा आहे. आयेल्ट्सच्या श्रवणपरीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते आणि उलट विचारता येत नाही. त्यामुळे न कळलेले तर्काने भरून काढण्याची सवय जडते. कामावर ही सवय घातक होय. डॉक्टरांनी “मी येईपर्यंत दर फिफ्टीन मिनिटांनी रक्तदाब पाहा” असे सांगितले आणि तिला ‘फिफ्टी’ ऐकू आले, तर पंधराच्या जागी पन्नास मिनिटे जातील. म्हणून ऐकलेली आज्ञा ती तशीच परत उच्चारून दाखविते आणि आकडे सुटे करून सांगते: “वन-फाइव्ह, पंधरा मिनिटे, बरोबर ना?” असे विचारण्यात कमीपणा नाही, तो त्या कामाचाच भाग आहे.

तिसरी अडचण रोग्यांच्या बोलीची. तेथील वृद्ध बाई ‘आय फील पूअर्ली’ म्हणाली, तर तिला बरे वाटत नाही, असे समजावे. आणि ‘स्पेंड अ पेनी’ करावयाचे आहे असे म्हणाली, तर तिला पैसे खर्चावयाचे नसून शौचालयास जावयाचे असते! असे प्रयोग वहीत टिपावेत. शब्दाबरोबर तो कोणी, कोणत्या प्रसंगी वापरला हेही लिहावे, म्हणजे अर्थ मनात राहतो.

आयेल्ट्सचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरावा, अशी ती परीक्षा घेणाऱ्यांचीच शिफारस आहे. वापरावाचून भाषा मागे पडते, हे त्यांसही ठाऊक आहे. तेव्हा सराव परीक्षेनंतरही चालू ठेवावा, आणि तो घरीही होण्यासारखा आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, म्हणजे टेलिफोनप्रमाणेच चेहरा दिसत नाही. एकाने वीज कार्यालयाला कळवीत आहो अशा रीतीने, गल्लीत विजेची तार तुटून पडल्याची वर्दी इंग्रजीत एका मिनिटात द्यावी. दुसऱ्याने कोठे, काय झाले आणि आता काय करावयाचे, ही तीन उत्तरे कागदावर लिहावीत. तिसरी जागा कोरी राहिली, तर व्याकरण कितीही शुद्ध असो, वर्दी अपुरी समजावी आणि ती पुन्हा द्यावी.