जुन्या बुटावरचा पॉलिशचा थर कसा काढावा?



झेंडावंदनाच्या आदल्या रात्री मी माझे काळे चामडी बूट काढले. तीन वर्षे डबीतलं पॉलिश थरावर थर चढवलेलं. ब्रश कितीही मारा, चमक येईना. बोटांजवळ जिथे बूट दुमडतो तिथे बारीक भेगा दिसत होत्या. मला वाटलं चामडंच फुटलं. नखाने हलकंसं खरवडलं तर काळा, मेणचट चुरा नखात आला. म्हणजे तडे पॉलिशला गेले होते, चामड्याला नव्हे. ही परीक्षा तुम्हीही आधी करून बघा.

डबीतलं पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण. ते पाण्याने निघत नाही, टर्पेंटाईनमध्ये मात्र विरघळतं. लेस काढा, धूळ झटका. जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून त्यावर टर्पेंटाईनचे चार-पाच थेंबच घ्या. बुटावर ओतू नका. आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग छोटे गोल फिरवत चोळा. कापड काळं झालं की जागा बदला. मेणचट डाग येणं कमी झालं आणि चामड्याची बारीक छिद्रं दिसू लागली की थांबा. त्यानंतरही चोळत राहिलात तर चामड्याचा मूळ रंग निघतो. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ नको, आणि मुलांना लांब ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, तो वरचं फिनिशच उचलतो.

मग ओलसर फडक्याने पुसून बूट रात्रभर सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेत तर चामडं कडक होतं.

थर निघाल्यावर माझ्या उजव्या बुटाच्या टोकावरचे ओरखडे खरे किती आहेत ते कळलं. अर्धे तर मेणाबरोबरच गेले होते! उरलेल्यांपैकी एका ठिकाणी तंतू उभे राहिले होते, तिथे ६०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका दोन-तीनदा फिरवला. मग वाटाण्याएवढं काळं शू क्रीम घेऊन पूर्ण बुटाला पातळ लावलं. (क्रीम वेगळं, मेणाचं पॉलिश वेगळं, क्रीममध्ये रंग जास्त असतो आणि चामडं मऊही राहतं.) पंधरा-वीस मिनिटांनी ब्रश मारला, ओरखड्यांवर दुसरा हात दिला. तपकिरी बूट असतील तर क्रीम एक छटा फिकं घ्या, कारण गडद झालेला रंग परत फिका करता येत नाही.

शेवटी मेणाचं पॉलिश फक्त टोकाला आणि टाचेला, तेही पातळ. दुमडीवर लावलं की तडे पुन्हा तिथेच.

चामडं कापलं गेलं असेल तर क्रीमने रंग जुळतो, चीर बुजत नाही. आणि जिभेच्या कापलेल्या कडेला तंतूंऐवजी कापडाचं अस्तर दिसलं तर तो रेक्झिनचा बूट. त्याला टर्पेंटाईन लावू नका, ओल्या फडक्याने पुसा, बस्स.