शेक चालू असताना कातडीला काय लावायचं?

कॅन्सरच्या रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. शेक म्हटलं की घरच्यांना भाजलेलं आठवतं आणि भाजल्यावर लावायच्या सगळ्या वस्तू बाहेर निघतात: हळद, टूथपेस्ट, खोबरेल, मेडिकलमधली ट्यूब. पण ही जखम चुलीच्या चटक्यासारखी नसते. म्हणून या वेळी आम्ही फक्त एवढंच सांगणार आहोत की काय लावावं आणि काय लावू नये.

स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. ऑपरेशन झालेल्या एका ताईंना १५ शेक सांगितले आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे तीन आठवडे. पहिला आठवडा कातडीवर काहीच दिसत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथे गरम लागतं, ओढल्यासारखं होतं, खाज येते. पुस्तकात ‘लाली’ लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या अंगावर लाली कमीच दिसते. तिथला रंग काळपट होतो. पुढे उन्हाने सोलपटल्यासारखे बारीक पापुद्रे निघतात. एवढं अपेक्षितच आहे.

शुक्रवारी शेवटचा शेक झाला, की घरच्यांना वाटतं आता उतार पडेल. उलट पुढचा एक-दोन आठवडा कातडी जास्त बिघडते. कारण कातडी खालच्या थरातून नवी तयार होऊन हळूहळू वर येते. शेकाने तो खालचा थर दमलेला असतो, आणि वरची जुनी कातडी झडून गेल्यावर त्याचा तुटवडा बाहेर दिसतो. साधारण महिनाभरात ती भरून येते. काळेपणा जायला मात्र बरेच महिने लागतात.

आता क्रीम. बिनवासाचं, बिनरंगाचं साधं मॉइश्चरायझर चालतं. पहिल्या दिवसापासून दिवसातून दोनदा, हलक्या हाताने, पातळ थर. शेकाला जायच्या आधी जाड थर थापू नका. जाड थरामुळे किरणांचा मार कातडीच्या वरच्या भागावर वाढतो. कोरफडीचा गर लावून कातडी वाचते असं तपासण्यांमध्ये दिसलेलं नाही. हळद, चुना, बाम, टाल्कम पावडर नकोच. गरम पाण्याची पिशवी आणि बर्फही नको.

सगळ्यात मोठा घोळ मेडिकलमधल्या ट्यूबचा. ‘खाज येते’ म्हटलं की दुकानदार गजकर्णाची मिक्स ट्यूब देतो. त्यात जोरदार स्टिरॉइड असतं. आता गंमत अशी, की शेकाच्या कातडीसाठी डॉक्टरही कधी कधी स्टिरॉइडचंच क्रीम लिहून देतात, बहुतेक वेळा मोमेटासोन. मग फरक काय? ते ठरावीक ताकदीचं असतं, न फुटलेल्या कातडीवर, ठरावीक दिवस लावायचं असतं. दुकानातली ट्यूब मनाने लावली तर कातडी पातळ पडते आणि आत जंतू वाढत असले तर ते झाकले जातात. भाजल्यावरचं पांढरं क्रीमही डॉक्टरांनी सांगितल्यावरच लावायचं.

अंघोळ बंद करू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने धुणं, घासणी नको. काखेतले केस काढायला ब्लेड वापरू नका. जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या तुकड्याने टिपून घ्या. अंगावर शाईच्या खुणा असतील तर त्या घासू नका, आणि पुसल्या तर घरी पेनने काढू नका, शेकाच्या खोलीत सांगा. तार असलेली ब्रा सोडून सैल सुती ब्लाउज घाला. उन्हात निघताना तो भाग पदराने झाका.

स्तनाखालची घडी आणि काख इथे कातडी कातडीला घासते, पत्र्याच्या घरात घाम साचतो. त्या ताईंना शेवटच्या शेकानंतर आठवड्याने घडीत रुपयाएवढी जागा ओली दिसली, ब्लाउजला पिवळसर पाणी लागलं. अशा ओल्या जागेवर क्रीम नाही, पावडर नाही, कापूसही नाही, तो चिकटतो. चिकटपट्टी लावली तर काढताना कातडीच निघते. शेकाच्या विभागातल्या सिस्टरला दाखवा. त्या धुवून न चिकटणारं ड्रेसिंग देतात. अशी जागा बहुधा दोन-तीन आठवड्यांत सुकते.

पण घाण वास, पू, वाढत जाणारा ठणका किंवा १००.४ च्या वर ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. केमो चालू असेल तर तापाला रात्रभरही थांबू नका.

कातडी बिघडली म्हणून घरीच बसून शेक चुकवू नका. मधे खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. थांबायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात राहत नाही, त्यामुळे घरी आल्यावर नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही.