कोश चुकला नव्हता, जुना होता

लेक आठवीत गेली तेव्हा मराठीच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं की घरी एक मराठी-मराठी शब्दकोश असू द्या. त्याच आठवड्यात कामासाठी पुण्याला जाणं झालं. परतीच्या गाडीला तास होता म्हणून अप्पा बळवंत चौकात शिरले आणि दुकानात होते त्यातला सगळ्यात जाड कोश उचलला. निवडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मुखपृष्ठावर ‘६०,००० हून अधिक शब्द’ असं ठळक छापलेलं, कोपऱ्यात ‘नवी आवृत्ती’ असा लाल पट्टा, आणि प्रकाशनाचं नाव माझ्या वडिलांच्या कपाटापासून ओळखीचं. साडेचारशे रुपये दिले आणि एक काम झालं म्हणून निश्चिंत झाले.

दोन महिन्यांनी तिची निबंधाची वही हाती आली. ‘हेतु’, ‘कीर्ति’, ‘भीति’, ‘ठिकाणीं’ या शब्दांभोवती लाल गोल होते. लेक तणतणत होती. “आई, मी कोशात बघून लिहिलंय. कोश कसा चुकेल?” मलाही ते पटलं, म्हणून कोश घेऊनच बाईंकडे गेले. त्यांनी पुस्तक उघडलं, पण शब्द शोधला नाही. सरळ प्रस्तावना काढली आणि तिच्या शेवटची तारीख मला दाखवली. साल होतं १९५३. “कोश चुकलेला नाही हो, जुना आहे,” एवढंच म्हणाल्या.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ चे आहेत. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार आले, आणि शाळेत आज चालतात ते हेच अठरा नियम. त्यांनी संस्कृतातून आलेले कवि, हेतु, कीर्ति हे सुटे शब्द शेवटी दीर्घ केले आणि ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ यांवरचे उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. माझा कोश त्याआधी रचलेला. पट्ट्यावरची ‘नवी आवृत्ती’ म्हणजे नवा कागद, नवी बांधणी आणि नवी किंमत होती. आतला मजकूर होता तसाच.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हा फरक मला तेव्हा कळला. मजकूर तपासून, शब्द घालून-गाळून पुस्तक पुन्हा काढलं तर ती सुधारित आवृत्ती, आणि तेच पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. आपल्याकडे दोन्हींना सर्रास आवृत्तीच म्हणतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि पुण्यात तो पुन्हा छापला गेला १९७५ मध्ये. पण आतली मराठी १८५७ चीच. अभ्यासकाला हे ठाऊक असतं, त्याला तेच हवंही असतं. आठवीतल्या मुलीला कोण सांगणार? म्हणून मुखपृष्ठ सोडा आणि दोन जागा बघा. नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला छपाईच्या सालांची उतरंड असते, तिच्यात ‘सुधारित’ हा शब्द कुठे येतो का? आणि त्या सुधारणेबद्दल वेगळी प्रस्तावना आहे का? सहाव्या आवृत्तीला पहिल्याच आवृत्तीची प्रस्तावना असेल तर मधल्या पाच वेळा फक्त छापखाना चालला असं धरायला हरकत नाही.

पुढच्या वेळी पुण्याला गेले ती तयारीने. लेकीच्या मराठी आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून बारा शब्द काढून किराण्याच्या बिलामागे लिहून नेले. दुकानदाराला सांगितलं, “दादा, प्लास्टिकमधले नकोत, उघडी प्रत द्या.” त्यांनी तीन कोश समोर ठेवले. एक माझ्याकडे होता तोच जाडजूड, एक मध्यम आणि एक पातळ, खास विद्यार्थ्यांसाठी म्हणून काढलेला. मी बाकावर बसून तिन्हींत तेच बारा शब्द शोधले. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील.

आधी शब्दसंख्येचं सांगते. जाड कोशाची मधली पाच पानं उघडून मी ठळक शब्द मोजले. पानाला सरासरी चौतीस भरले. पानं नऊशे. म्हणजे साधारण तीस हजार सहाशे. मग साठ हजार कुठून आले? नोंदीच्या पोटात दिलेले जोडशब्द, क्रियापदांची प्रयोजक रूपं, ‘अ’ लावून केलेले नकार, असं सगळं धरून. ही लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही, मोजायची पद्धत वेगळी असते. पण दोन कोशांवर छापलेले आकडे शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही, एवढं खरं.

शिवाय शब्द कोणते, हे आकड्यात कुठे दिसतं? जाड कोशात पेशवाईतल्या वसुलीचे आणि दरबारी रिवाजाचे शब्द खच्चून भरले होते. पण ‘संगणक’ नव्हता. विज्ञानाच्या पुस्तकातले ‘अपवर्तन’ आणि ‘उत्प्रेरक’ही नव्हते. मधल्यात हे तिन्ही मिळाले, ‘परिसंस्था’ मात्र सापडला नाही. पातळ कोशात चारही होते, कारण तो पाठ्यपुस्तकं समोर ठेवूनच केलेला दिसत होता. पण त्यात ‘उपरोध’ नव्हता, आणि ‘हात’ या शब्दाखाली दोनच वाक्प्रचार होते. हात टेकणे, हात आखडता घेणे, हातावर तुरी देणे, हात धुऊन मागे लागणे, हे आठवीच्या मुलीला लागणारच की.

‘उपरोध’ने तर माझे डोळेच उघडले. जाड कोशात त्याचा पहिला अर्थ अडथळा, दुसरा प्रतिबंध आणि शेवटी ‘टोमणा’. संस्कृतात अडथळा हा अर्थ आहे, कोशकाराचं चुकलं काहीच नाही. पण मुलं पहिला अर्थ उचलतात. माझी लेक बेलाशक लिहिती, ‘रस्त्यात झाड पडल्याने वाहतुकीला उपरोध झाला.’ मधल्या कोशात आजचा अर्थ आधी होता, वरून स्तुती आणि आतून टीका असं बोलणं, आणि त्याखाली छोटंसं वाक्य, उशिरा आलेल्याला ‘लवकर आलात!’ म्हणण्याचं. त्या एका वाक्याने जे कळतं ते चार प्रतिशब्दांनी कळत नाही. नुसत्या प्रतिशब्दांच्या कोशात आणखी एक गंमत असते. ‘औदार्य’ बघावं तर ‘उदारपणा’, ‘उदारपणा’ बघावं तर ‘औदार्य’. दुकानात अशी एक जोडी शोधून बघा. कोश गोल फिरवत असेल तर दोन मिनिटांत कळतं.

मात्र कोशाची खरी परीक्षा माझ्या मते ‘पीठ’ या शब्दावर होते. मराठी ‘पीठ’ म्हणजे दळलेलं धान्य. त्याला प्रत्यय लागला की पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं, पिठात मीठ घाल. फूल-फुलाला, दूध-दुधात, पूल-पुलावर, हाच प्रकार. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘पीठ’ म्हणजे आसन, अधिष्ठान. तो दीर्घच राहतो, म्हणून विद्यापीठात. माझ्या लेकीने ‘विद्यापिठात’ लिहिलं होतं आणि बाईंनी तिथेही गोल केला होता. पातळ कोशात दोन्ही अर्थ एकाच नोंदीत, स्वल्पविराम देऊन. जाड कोशात नोंदी दोन, पण प्रत्यय लागल्यावर रूप काय होतं ते दोन्हीकडे नाही. मधल्यात दोन नोंदी, दुसरीपुढे कंसात ‘सं.’, आणि दोन्हीकडे सामान्यरूप दिलेलं, एकाला पिठा-, दुसऱ्याला पीठा-. मी तिथेच कोश मिटला आणि पैसे काढले. लिंग, मूळ भाषा आणि सामान्यरूप या तीन गोष्टी नोंदीत असतील तर मुलाच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. कोशात सामान्यरूप नसेल तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ जोडीला ठेवावा. ते अर्थासाठी नाहीत, शब्द लिहायचा कसा यासाठी आहेत.

एक सावधगिरी. शेवटचा ऱ्हस्व दिसला की कोश जुना, असा निकाल लावू नका. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ आजही ऱ्हस्वच आहेत, आणि ‘कवी’ दीर्घ असला तरी ‘कविवर्य’ ऱ्हस्वच. तपासायचं तर ‘हेतू’, ‘गुरू’ आणि ‘काही’ हे तीन शब्द पुरतात.

राहिला प्रकाशनाचा लौकिक. माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता आणि तिथेच मी फसले. त्या प्रकाशनाच्या कादंबऱ्या आमच्या घरी तीन पिढ्या वाचल्या गेल्या, पण कादंबऱ्या चांगल्या काढणं वेगळं आणि कोश राखणं वेगळं. कोशाला संपादक लागतो, आणि तो हयात किंवा त्याच्या जागी दुसरा कुणी बसलेला लागतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, मग जुना कोश कुणीही छापू शकतं. त्यामुळे वेगळं मुखपृष्ठ आणि वेगळी किंमत लावलेले दोन कोश आतून एकच निघू शकतात. मधलं एखादं पान शेजारी ठेवून बघायचं. म्हणून मी आता प्रकाशनाआधी संपादकाचं नाव बघते. नुसतं ‘संपादक मंडळ’ असेल तर शब्द कुठून घेतले हे प्रस्तावनेत शोधते, आणि संक्षेपांची यादीही नसली तर पुस्तक परत ठेवते. मार्गदर्शक काढणाऱ्या प्रकाशनाचा कोश म्हणून नाकंही मुरडत नाही. तो पातळ कोश तशाच एका ठिकाणचा होता आणि विज्ञानाच्या शब्दांत त्याने दोघांना मागे टाकलं.

जाड कोश परत करायची मुदत कधीच संपली होती, म्हणून तो सासऱ्यांच्या खोलीत गेला. गेल्या दिवाळीत ते जमिनीचा एक जुना कागद घेऊन बसले होते. त्यात लिहिलं होतं, शेत अमक्याला ‘खंडानें’ दिलें. लेकीने आपल्या नव्या कोशात पाहिलं. खंड म्हणजे भूखंड, पुस्तकाचा भाग, मध्ये पडलेली तूट. शेताला लागू पडेल असं काहीच नाही. मग तिने आजोबांच्या उशाचा जाड कोश ओढला, पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, जमिनीबद्दल ठरवून द्यायची वार्षिक रक्कम किंवा धान्य. कागदावरचा ‘खंडानें’चा अनुस्वारसुद्धा त्या कोशातल्यासारखाच होता.