प्रमुख पाहुण्यांचा परिचय : तीन मिनिटांचं भाषण कसं लिहायचं? (नमुना भाषणासह)

डिसेंबर-जानेवारी आला की स्नेहसंमेलनं, क्रीडा महोत्सव आणि बक्षीस समारंभ सुरू होतात. आपल्याकडे चौथीपर्यंत शिकून गेलेली पोरं आता कॉलेजात असतात. त्यांच्यावर पाहुण्यांचा परिचय करून द्यायची वेळ आली की ती परत आपल्याच दारात येतात, "मॅडम, भाषण लिहून द्या ना." पालकही विचारतात. म्हणून हा पाठ.

आधी एक गोंधळ दूर करू. प्रास्ताविक म्हणजे कार्यक्रम कशाचा, का ठेवला, हे सांगणं. ते बहुतेक वेळा प्राध्यापक करतात. सूत्रसंचालन म्हणजे एका कार्यक्रमातून दुसऱ्याकडे नेणं. पाहुण्यांचा परिचय याहून वेगळा आहे. समोर बसलेल्या पाचशे मुलांना हा माणूस कोण, त्यानं नेमकं काय केलं आणि आज त्याचं का ऐकायचं, एवढंच परिचयात सांगायचं असतं. त्यात कॉलेजचा इतिहास नको आणि देणगीदारांची यादीही नको. वेळ तीन मिनिटं. व्यासपीठावर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे लिहायचे शब्द तीनशे. वहीची दीड-दोन पानं झाली की थांबायचं.

आता उदाहरण घेऊ. समजा, आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडा महोत्सवाला धावपटू अविनाश साबळे प्रमुख पाहुणे म्हणून आले आहेत. कार्यक्रम काल्पनिक आहे, माणूस खरा आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. पाहुणा जितका मोठा तितका परिचय अवघड, म्हणून मुद्दाम हे नाव घेतलं.

माहिती गोळा करायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात पान भरतं. जन्म १९९४. आईवडील शेतकरी. शाळेला जायला गाडी नाही, सहा किलोमीटर चालत-पळत. बारावीनंतर सैन्यात भरती, महार रेजिमेंट. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथं नेमणूक. २०१५ पासून सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यती, मग प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळे ३००० मीटर स्टीपलचेस. २०१८ मध्ये राष्ट्रीय विक्रम. टोकियो ऑलिम्पिक, बर्मिंगहॅमचं रौप्य, अर्जुन पुरस्कार, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य, पॅरिस ऑलिम्पिक. मुलं हे सगळं ओळीनं वाचून दाखवतात. चौथ्या स्पर्धेच्या नावापाशी मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. परिचय फसला हे ओळखायची हीच खूण. पाहुणेही खाली बघायला लागतात.

यावर माझा उपाय साधा आहे. एकच प्रसंग निवडायचा, तो नीट सांगायचा आणि बाकीची माहिती त्याच्या मागेपुढे दोन-चार वाक्यांत बसवायची. प्रसंग कोणता घ्यायचा? सुवर्णपदकाचा घ्यावा असं पटकन वाटतं. पण मला विचाराल तर बर्मिंगहॅमची शर्यत, जिथं सुवर्ण हुकलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवोत पहिला आला, वेळ ८ मिनिटं ११.१५ सेकंद. साबळेंची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. फरक पाच शतांश सेकंदाचा.

हा आकडा तसाच सांगितला तर कुणाला काही कळत नाही. तो मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करायला हवा, आणि इथं आपलं चौथीचं गणित कामाला येतं. तीन हजार मीटर अंतर, वेळ ४९१ सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण सहा मीटर वेग. पाच शतांश सेकंदात त्या वेगानं किती अंतर जातं? साधारण तीस सेंटिमीटर. म्हणजे दप्तरातली फूटपट्टी! शेवटी धावपटू जास्त जोरात पळतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त असेल, पण अंदाज यायला एवढं पुरे.

दुसरी गोष्ट, स्टीपलचेस म्हणजे काय हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि विचारायला कुणी हात वर करत नाही. पाहुण्यांचं काम समजलं नाही तर पदकाचं मोल कसं समजणार? डॉक्टर असो, शास्त्रज्ञ असो, कृषी अधिकारी असो, त्यांच्या कामाचं नाव सांगून पुढं जाऊ नये. ते काम दोन वाक्यांत उलगडावं.

आता नमुना भाषण. हे एका विद्यार्थिनीच्या तोंडी आहे असं समजा.

"अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

माझ्या हातात ही फूटपट्टी आहे. लांबी तीस सेंटिमीटर. तीन हजार मीटर धावल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात साधारण एवढंच अंतर उरलं, अशी एक शर्यत २०२२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात झाली. ती राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेस होती. या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस वेळा जवळपास तीन फूट उंच लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. हा अडथळा जागचा हलत नाही. पाय अडकला तर माणूसच पडतो.

१९९८ ते २०१८ अशा सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानंच नेली होती. बर्मिंगहॅमला मात्र केनियाच्या दोन धावपटूंच्या मध्ये, रौप्यपदक घेऊन, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा एक जवान उभा होता. ते म्हणजे आपले आजचे प्रमुख पाहुणे.

शेतकऱ्याच्या घरात जन्म, शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर सैन्यात भरती. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत त्यांनी नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धांत ते उतरले विशीनंतर. आणि २०१८ साली त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. म्हणजे पाहुण्यांच्या जन्माच्या तेरा वर्षं आधीचा विक्रम!

टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम सुधारला, तरीही अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ते त्या अंतिम फेरीत धावले. पुरुषांच्या या शर्यतीत तिथवर पोचलेले ते पहिले भारतीय. मधल्या काळात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. अर्जुन पुरस्कारानं त्यांचा गौरव झाला आहे.

सर, आमच्या मैदानावर चुन्यानं आखलेला ट्रॅक आहे. त्यावर पळणारी पोरं आज पहिल्या रांगेत बसली आहेत. त्यांना तुम्हाला खूप विचारायचं आहे. आमच्या कॉलेजच्या वतीनं मी तुमचं मनापासून स्वागत करते, आणि प्राचार्य सरांना विनंती करते की त्यांनी शाल, श्रीफळ देऊन आपल्या पाहुण्यांचा, श्री. अविनाश साबळे यांचा सत्कार करावा."

बघा, पूर्ण नाव शेवटच्या वाक्यात आलं. ते मुद्दाम. नावावर टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांतच पाहुणे सत्कारासाठी उठतात. नाव आधी घेतलं की टाळ्या आधी वाजून जातात आणि सत्काराच्या वेळी सभागृह शांत राहतं.

यात मी काय गाळलं तेही सांगते. "अठराविश्वे दारिद्र्य", "हलाखीची परिस्थिती", "मागासलेल्या जिल्ह्यातून" हे शब्द नाहीत. आपल्या बीडमध्ये निवेदकांना हे शब्द फार आवडतात. पण पाहुण्यांचे आईवडील कधी कधी समोरच बसलेले असतात. सहा किलोमीटर पायपीट म्हटलं की ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. "ज्यांच्या परिचयाची गरज नाही असे" हेही नाही. गरज नसेल तर आपण उभे कशाला राहिलो? पाहुणे पुढं काय बोलणार, तेही सांगितलं नाही. "सर आता तुम्हाला जिद्दीबद्दल मार्गदर्शन करतील" असं म्हटलं की पाहुणे बिचारे जिद्दीत अडकतात.

चुकीची भर पडायची जागा सांगून ठेवते. "ऑलिम्पिकमध्ये धावले" याचं भाषणापर्यंत "ऑलिम्पिक पदक विजेते" होऊन जातं. साबळेंचा पॅरिसमध्ये अकरावा क्रमांक आला. नसलेलं पदक भर सभेत गळ्यात घातलं तर पाहुण्यांनी ते दुरुस्त करायचं कसं? आणि पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये पहिल्या भारतीयानं अंतिम फेरी गाठणं ही खरी गोष्ट त्या खोट्या पदकाखाली झाकली जाते, ते वेगळंच. तसंच राष्ट्रीय विक्रमाच्या वेळेचं. साबळेंनी तो पुन्हा पुन्हा मोडला. २०१८ मध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंद होता, २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आला. जुन्या बातमीतला आकडा उचलला की चूक झालीच.

म्हणून आदल्या दिवशी एक फोन करायचा. पाहुण्यांना नाही तर त्यांच्यासोबतच्या माणसाला. तीन गोष्टी विचारायच्या : आजचा हुद्दा काय, नावाचा उच्चार आणि नावाआधी काय लावायचं, आणि एखादी गोष्ट बोलू नये असं आहे का. सैन्यातल्या, पोलिसातल्या माणसाचा हुद्दा बढतीनं बदलतो. छापील पत्रिकेत जुना हुद्दा असेल तर निदान भाषणात तरी बरोबर यावा.

सरावाचं म्हणाल तर पाठांतर नको. मुलीला चार शब्द चिठ्ठीवर लिहून द्या : फूटपट्टी, केनिया, सियाचीन, पॅरिस. एवढ्यावर तिला तीनदा बोलायला लावा आणि मोबाईलवर वेळ मोजा. साडेतीन मिनिटं झाली तर हांगझोऊचं वाक्य काढा. फूटपट्टी मात्र काढू नका. आणि "मी तुमचं मनापासून स्वागत करते" म्हणताना मान पाहुण्यांकडे वळली पाहिजे. कागदाकडे बघून केलेलं स्वागत शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतं.

पाहुणे एवढे प्रसिद्ध नसतील, गावातलेच बँक मॅनेजर किंवा पशुवैद्यकीय अधिकारी असतील, तर काम उलट सोपं असतं, कारण त्यांना समोर बसून विचारता येतं. "तुमच्या नोकरीतला सगळ्यात अवघड दिवस कोणता?" एवढा एक प्रश्न विचारा. लाळ्या-खुरकूतच्या साथीत डॉक्टरांनी एका दिवसात किती गोठे पालथे घातले, हे त्यांच्याच तोंडून कळेल. तो आकडा घ्या आणि भाषण तिथूनच सुरू करा.